पहिल्या सोलो प्रदर्शनाची प्रेस नोट : थीम कशी लिहायची, तारखा कशा द्यायच्या, सूर कसा ठेवायचा

प्रश्न : ताई, कोल्हापुरात आमची छोटी गॅलरी आहे, आतापर्यंत ग्रुप शोच केलेत. आता पहिल्यांदाच एकट्या चित्रकाराचं प्रदर्शन लावतोय. करवीर तालुक्यातलेच आहेत, हायस्कूलला ड्रॉइंग टीचर, त्यांचंही पहिलंच सोलो. विषय गुऱ्हाळ, नाव 'काहील', २२ चित्रं, कॅनव्हासवर ॲक्रिलिक. ४ ते १३ डिसेंबर २०२६, ११ ते ८, सोमवारी बंद, उद्घाटन ४ ला संध्याकाळी ५.३० ला. फोनवर ते म्हणाले, "वडील गुळव्या होते. रात्री डबा घेऊन जायचो आणि तिथंच चिपाडावर झोपायचो. वाफेत माणूस दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा. म्हणून वाफ मी रंगवतच नाही, तिथं कॅनव्हास कोरा सोडतो." हे नोटमध्ये घालावं का कळेना, फारच साधं वाटतंय. आमचा पहिला पॅरा असा झालाय, पण तो निमंत्रण पत्रिकेसारखा वाटतो :

"कलानगरी कोल्हापूरच्या समृद्ध मातीत जन्मलेले प्रतिभावंत चित्रकार श्री. … यांच्या कुंचल्यातून साकारलेल्या, मानव आणि निसर्ग यांच्या अतूट नात्याचा वेध घेणाऱ्या नयनरम्य चित्रांचे भव्य प्रदर्शन आयोजित करण्यात आले असून तरी सर्व कलारसिकांनी बहुसंख्येने उपस्थित राहून लाभ घ्यावा ही नम्र विनंती."

थीम, तारखा आणि टोन कसा ठेवू?

उत्तर :

तुमची थीम तुम्हाला सापडलेली आहे, तुम्ही ती साधी म्हणून बाजूला ठेवलीत आणि तिच्या जागी मानव आणि निसर्ग आणून बसवलेत, गडबड एवढीच आहे. तुमचा पॅरा परत वाचा, त्यात गुऱ्हाळ हा शब्दच नाहीये. प्रदर्शनाचं नावही नाही, तारीखही नाही. चित्रकाराचं आणि गावाचं नाव बदललं तर हाच पॅरा फुलांच्या चित्रांनाही चालेल आणि गणपतीच्या चित्रांनाही चालेल, आणि जो पॅरा कशालाही चालतो तो पेपरवाला कापतो.

मी आधी बरीच वर्षं पेपरच्या डेस्कवर होते आणि नंतर गॅलऱ्यांची प्रसिद्धी करायला लागले, त्यामुळे तिकडून हे कसं दिसतं ते आधी सांगते. संध्याकाळी सिटी पानाच्या उपसंपादकासमोर प्रेस नोटांचा ढीग असतो, बँकेची वार्षिक सभा, शाळेचं गॅदरिंग, कुणाची तरी निवड, आणि त्यात तुमची नोट. तो पहिल्या दोन ओळी वाचतो, त्यात काय, कुठं, कधी मिळालं तर ठेवतो, नाहीतर पुढची उघडतो. ठेवली तरी जागेप्रमाणे कापणार, आणि कापणार ती शेवटून. म्हणून नोट अशी लिहायची की खालचा कुठलाही पॅरा उडाला तरी वरचं धडपणे छापलं जावं. निमंत्रण पत्रिकेत उलटं असतं, तिथं आधी मायना, मग मान्यवर आणि सगळ्यात खाली वेळ आणि स्थळ. तो क्रम नोटमध्ये आला की आधी कापले जातात ते वेळ आणि स्थळच.

थीम

चित्रकाराला "तुम्हाला यातून काय सांगायचंय" असं विचारलं की निम्मे लोक गप्प बसतात आणि उरलेले निम्मे कॅटलॉगमध्ये वाचलेलं बोलायला लागतात, मानवी जाणिवा, अंतर्मनाचा शोध वगैरे. त्यापेक्षा साधे प्रश्न विचारायचे. कुठलं गुऱ्हाळ? दिवसाचं का रात्रीचं? उजेड कुठून येतोय? काय मुद्दाम काढलं नाही? पहिलं चित्र कुठलं आणि ते झाल्यावर दुसरं का काढावंसं वाटलं? तुमच्या सरांनी तर न विचारता सांगितलंय, वाफ रंगवत नाही, तिथं कॅनव्हास कोरा सोडतो. हे वाचून माणूस गॅलरीत येतो आणि थेट चित्राजवळ जाऊन कोरी जागा शोधतो. मानव-निसर्ग नात्याचा वेध बघायला कुणी राजारामपुरीतून रिक्षा करून येत नाही.

थीमला मी तीनच वाक्यं देते. पहिल्यात चित्रात डोळ्यांना काय दिसतं ते, नावं घेऊन. दुसऱ्यात ते कसं केलंय, म्हणजे या चित्रकाराची अशी एक गोष्ट जी दुसरा करत नाही. तिसऱ्यात ते आलं कुठून. बस. तुमच्याकडं तिन्ही तयार आहेत : काहील, चुलवाण, चिपाडाचे ढीग, रात्रपाळीची माणसं. मग कोरी सोडलेली वाफ. मग वडील गुळव्या. एक तेवढं करा, तुमच्याकडं चित्रं आहेत तर एखाद्यासमोर उभं राहून उजेड बघा. चुलवाणाच्या तोंडाशी बसलेल्या माणसावर उजेड खालून येतो, म्हणजे हनुवटी आणि नाकपुड्या उजळतात आणि कपाळ अंधारात जातं. चित्रात खरंच तसं असेल तर दुसऱ्या वाक्यात तेही घाला. नसेल तर घालू नका, कारण नोटमध्ये लिहिलंय आणि भिंतीवर नाही असं झालं की बातमीदाराचा पुढच्या वेळचा विश्वास गेला.

'अस्तंगत होत चाललेली गुऱ्हाळ संस्कृती' हे तुमच्या पुढच्या ड्राफ्टमध्ये येणार याची मला जवळजवळ खात्री आहे, म्हणून आत्ताच सांगते. गुऱ्हाळं कमी झाली हे कोल्हापुरात सगळेच म्हणतात. पण नोटमध्ये लिहिलंत की शेतीची बीट बघणारा बातमीदार फोन करून विचारणार, किती होती, किती उरली, आकडा कुठला? तुमच्याकडं आकडा नसेल तर हा दावा तुमचा नाही. आणि मुळात सर तसं म्हणालेलेच नाहीत. ते डब्याबद्दल बोलले, वाफेबद्दल बोलले. त्यांच्या तोंडात आपला शोकसंदेश कशाला घालायचा.

तसंच अबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर. कोल्हापुरातल्या प्रदर्शनाच्या निम्म्या नोटा या दोन नावांनी सुरू होतात. माणसं मोठीच, अबालालांनी इथलाच परिसर रंगवला, बाबूराव पेंटरांनी तर चित्रांबरोबर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, त्यात वादच नाही. पण पहिल्या सोलोच्या चित्रकाराला त्यांच्या रांगेत उभं केलं की वाचणारा आधी तुलना करतो आणि मग चित्रं बघतो. खरा धागा असेल, म्हणजे अबालालांनी काढलेलीच एखादी जागा सरांनी पुन्हा काढली असेल, तर अवश्य लिहा. नुसतं गाव एक म्हणून नको.

एक गोष्ट कोल्हापूरच्या पेपरला लागणार नाही पण पुण्या-मुंबईला पाठवताना लागेल : काहील म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी पसरट कढई, हे एका ओळीत सांगा. गुळव्या म्हणजे गूळ करणारा कारागीर, चुलवाण म्हणजे काहिलीखालची मोठी चूल, चिपाड म्हणजे रस काढून उरलेला ऊस, हेही तसंच, वाक्यातच सहज मिसळून. इथल्या नोटमध्ये मात्र हे स्पष्टीकरण काढून टाका, नाहीतर करवीर तालुक्यातल्या वाचकाला काहील समजावून सांगितल्यासारखं होतं आणि लोक हसतात. म्हणजे दोन कॉप्या कराव्या लागतील, चालतंय.

'पहिलं' कुणाचं

तुमच्याकडं दोन पहिलं आहेत. गॅलरीचं पहिलं सोलो आणि चित्रकाराचं पहिलं सोलो. दोन्ही एका वाक्यात कोंबली की डेस्कवर त्याचं 'गॅलरीचे पहिले प्रदर्शन' होतं, आणि मग आधीच्या ग्रुप शोमधले चित्रकार फोन करून विचारतात की आमचं काय होतं मग ते. वर चित्रकाराचं पहिलं ठेवा, बातमी ती आहे. गॅलरीचं शेवटच्या पॅऱ्यात, "याआधी समूह प्रदर्शने भरवलेल्या या गॅलरीतील हे पहिले एकल प्रदर्शन" असं पूर्ण वाक्य लिहा, म्हणजे कापून लहान केलं तरी अर्थ बदलत नाही. आणि सरांना एकदा स्पष्ट विचारून घ्या, कॉलेजमध्ये असताना, शाळेच्या हॉलमध्ये, कुठं एकट्याचं काही लावलं होतं का? लावलं असेल तर 'गॅलरीतील पहिले' म्हणा. हे नंतर दुसऱ्या कुणीतरी काढण्यापेक्षा आधी आपणच बघितलेलं बरं.

बायोडेटाचं पण इथंच सांगते. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, मग एटीडी किंवा जीडी आर्ट, मग तालुका पातळीचं बक्षीस, मग अमुक कार्यशाळेत सहभाग, अशी गाडी सुरू झाली की थांबत नाही. नोटमध्ये एक वाक्य पुरे : कुठं शिकले, आता काय करतात. बाकीचं वेगळ्या पानावर, मागितलं तर द्यायचं. त्यांची ड्रॉइंग टीचर ही ओळख मात्र अजिबात लपवू नका. पुष्कळ गॅलरीवाले ते लपवतात, 'हौशी' वाटेल म्हणून. पण त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आता तालुक्यात सगळीकडं असणार, पेपरात नाव दिसलं की ती आणि त्यांचे आईबाप येतात, आणि पहिल्या प्रदर्शनाला गॅलरी भरते ती अशाच लोकांनी.

तारखा

"४ ते १३ डिसेंबर, सोमवारी बंद" हे तुम्हाला समजतं कारण तुम्हाला माहितीये. वाचणाऱ्याला सोमवार कोणता हे कॅलेंडरमध्ये बघावं लागतं आणि तो बघत नाही. म्हणून वार आणि तारीख जोडीनं लिहा : शुक्रवार ४ ते रविवार १३ डिसेंबर, सोमवारी ७ तारखेला बंद. मधे एकच सोमवार येतोय, तर तारीखच देऊन टाका. वार आणि तारीख जुळतायत का हे छपाईच्या आधी दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या, कारण लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही आणि वार एक आणि तारीख दुसरी अशी नोट आली की उपसंपादक फोन करत बसत नाही, नोट बाजूला ठेवतो.

उद्घाटनाची वेळ आणि बघण्याची वेळ वेगवेगळ्या वाक्यात. यात फार गोंधळ होतो. "४ डिसेंबरला सायंकाळी ५.३० वाजता" एवढंच वर आलं आणि खालचं कापलं गेलं की लोकांना वाटतं कार्यक्रम एक दिवसाचा होता, संपला. म्हणून आधी प्रदर्शन किती दिवस, किती ते किती, आणि उद्घाटन त्याच्या खाली. शुक्रवारी सकाळी ११ ला गॅलरी उघडी असणार का उद्घाटनानंतरच, हेही ठरवून लिहा. तुम्ही ११ ते ८ लिहिलंत आणि कुणी पहिल्या दिवशी दुपारी आलं तर आत शिडीवर चढून लाइट लावणं चाललेलं असेल.

पत्ता लिहिताना जहांगीरची नक्कल करू नका. मुंबईत नुसतं 'जहांगीर कलादालन, काळा घोडा' म्हटलं की पुरतं, ते १९५२ पासून तिथं आहे. तुमच्या गॅलरीला गल्ली, जवळची ओळखीची खूण, कितवा मजला आणि जिना का लिफ्ट हे लागणार. वयस्कर लोक चित्रं बघायला जास्त येतात आणि दोन मजले चढायचेत हे त्यांना घरीच कळलेलं बरं. प्रवेश विनामूल्य आहे हे लिहाच. छोट्या गॅलरीत फुकट जाता येतं आणि विकत नाही घेतलं तरी चालतं हे खूप लोकांना खरंच माहीत नसतं.

किमती मात्र लिहू नका, "चित्रे विक्रीस उपलब्ध" सुद्धा नको. ती ओळ दिसली की नोट बातमीच्या टेबलावरून जाहिरात विभागाकडं जाते आणि तिकडून तुम्हाला दरपत्रक येतं. किमतींची यादी गॅलरीत टेबलावर ठेवा, विचारेल त्याला द्या.

टोन

नोटची भाषा साधी प्रमाण मराठी, तृतीय पुरुषात, वर्तमानकाळात. मी इथं लिहितेय तसं बोलीत नको, आणि 'सदर', 'तरी', 'आयोजित करण्यात आले असून' पण नको. तपासायची युक्ती सांगते. नोटमधलं प्रत्येक विशेषण पेन्सिलीनं खोडा आणि वाक्य पुन्हा वाचा. प्रतिभावंत गेलं, काय बिघडलं? काही नाही. नयनरम्य गेलं, भव्य गेलं (२२ चित्रं आणि एक हॉल, भव्य कुठून आलं), अतूट गेलं. आता 'कोरा' खोडून बघा, 'कॅनव्हास कोरा सोडला'. वाक्यच पडतं. म्हणजे ते राहू द्या. जे खोडल्यावर माहिती कमी होते ते ठेवायचं आणि जे खोडल्यावर नुसतं कौतुक कमी होतं ते जाऊ द्यायचं. कौतुक करायला बातमीदार आहे, समीक्षक आहे, बघायला येणारे आहेत, गॅलरीनं स्वतःच्या चित्रकाराला महान म्हटलं तर त्याला काय किंमत आहे.

सगळ्या नोटमध्ये ऊब कुठं येऊ द्यायची तर ती चित्रकाराच्या अवतरणात, आणि तिथं त्यांची बोली तशीच ठेवा. "तिथंच चिपाडावर झोपायचो" याचं "तेथेच चिपाडावर निद्रा घेत असे" करू नका. हसू नका, हे लोक करतात. अवतरण दोन-तीन वाक्यांचंच घ्या आणि छापायला देण्याआधी सरांना वाचून दाखवा, फोनवर सहज बोललेलं आणि पेपरात आलेलं यात माणसाला फरक वाटतो. वडिलांचा उल्लेख आहे म्हणून तर नक्कीच विचारा.

आता मान्यवर. कोल्हापुरात उद्घाटनाला पाहुणे सात आणि प्रत्येकाला पद, हे मला माहितीये, आणि नाव गाळलं तर वर्षभर बोलणार नाहीत हेही माहितीये. म्हणून नोटमध्ये फक्त उद्घाटकाचं नाव द्या आणि बाकी सगळे निमंत्रण पत्रिकेत मानानं छापा, पत्रिका त्याचसाठी असते. माझं मत विचाराल तर उद्घाटक एखादा कामावरचा गुळव्या असावा, सरांच्या ओळखीत असणारच. पण डिसेंबर म्हणजे ऐन हंगाम, संध्याकाळी ५.३० ला तो काहील सोडून येऊ शकतो का ते आधी विचारा. आणि फोटोपुरतं बोलवायचं असेल तर नकोच, त्याला चित्रांबद्दल दोन वाक्यं बोलू देणार असाल तरच.

आता नोट

> गुऱ्हाळातल्या रात्रींची चित्रे. 'काहील' प्रदर्शन ४ डिसेंबरपासून
>
> कोल्हापूर : गुऱ्हाळातील रात्रीचे काम रंगवणाऱ्या २२ चित्रांचे 'काहील' हे प्रदर्शन शुक्रवारी, ४ डिसेंबर रोजी (गॅलरीचे नाव, पत्ता, खूण, मजला) येथे सुरू होत आहे. करवीर तालुक्यातील चित्रकला शिक्षक (पूर्ण नाव) यांचे हे पहिले एकल प्रदर्शन आहे. ते रविवार, १३ डिसेंबरपर्यंत रोज सकाळी ११ ते रात्री ८ या वेळेत पाहता येईल. पहिल्या दिवशी गॅलरी सायंकाळी ५.३० नंतर खुली होईल. सोमवारी, ७ डिसेंबर रोजी बंद राहील. प्रवेश विनामूल्य आहे.
>
> काहील, चुलवाण, चिपाडाचे ढीग आणि पहाटेपर्यंत जागणारी माणसे या चित्रांत आहेत. उजेड बहुतेक ठिकाणी फक्त चुलवाणाचा आहे. वाफ मात्र रंगवलेली नाही. जिथे वाफ आहे तिथे चित्रकाराने कॅनव्हास कोरा सोडला आहे.
>
> (आडनाव) यांचे वडील गुळव्या होते. "रात्री डबा घेऊन जायचो आणि तिथंच चिपाडावर झोपायचो. वाफेत माणूस दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा. म्हणून वाफ मी रंगवतच नाही," असे ते सांगतात.
>
> प्रदर्शनाचे उद्घाटन शुक्रवारी सायंकाळी ५.३० वाजता (नाव) यांच्या हस्ते होईल. दोन्ही शनिवारी आणि रविवारी (५, ६, १२ आणि १३ डिसेंबर) सायंकाळी ५ ते ७ या वेळेत चित्रकार गॅलरीत असतील.
>
> याआधी समूह प्रदर्शने भरवलेल्या या गॅलरीतील हे पहिले एकल प्रदर्शन आहे.
>
> संपर्क (पत्रकारांसाठी) : (नाव, मोबाइल)

शनिवार-रविवारचं मी माझ्या मनानं घातलंय, सर शाळेत असतात म्हणून. त्यांना जमणार असेल तर ठेवा, ती ओळ गर्दी आणते. उजेडाची ओळ पण चित्रं समोर ठेवून पडताळा. आता वरून फक्त पहिला पॅरा छापला असं धरून वाचा. काय, कुणाचं, कुठं, कधी, फुकट, सगळं आलं. दोन पॅरे छापले तर वाफही आली. म्हणजे काम झालं.

फोटो

याचा नोटेइतकाच विचार करा, कारण तुमची चित्रं रात्रीची आहेत आणि पेपरचा कागद काळ्याला दुष्ट असतो. न्यूजप्रिंटवर शाई पसरते, गडद भाग आणखी गडद होतो, आणि मोबाइलवर सुंदर दिसणारं काळोखातलं गुऱ्हाळ दोन कॉलमात नुसता काळा डाग होऊन बसतं. आतली पानं ब्लॅक अँड व्हाइट असतील तर विचारूच नका. म्हणून तुम्हाला आवडलेलं सगळ्यात चांगलं चित्र पाठवायचं नाही, जे छपाईत टिकेल ते पाठवायचं. फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा, स्क्रीनवर आठेक सेंटिमीटर रुंद होईल इतका लहान करा आणि हातभर लांबून बघा. माणूस आणि काहील वेगळी कळतायत का? कळत असतील तर ते चित्र. तुमच्या बाबतीत वाफ मोठी असलेलं, म्हणजे कोरी जागा जास्त असलेलं चित्र बहुतेक टिकेल आणि नोटेतल्या ओळीला तेच जुळतंही.

फोटो काढताना फ्लॅश बंद, ॲक्रिलिक चमकतं. चित्र सावलीच्या उजेडात भिंतीला लावून, कॅमेरा बरोबर चित्राच्या मध्याच्या उंचीला, नाहीतर चौकोन तिरका येतो. फ्रेम आणि भिंत कापून टाका, वर गॅलरीचा लोगो छापू नका. लांब बाजू ३००० पिक्सेलच्या आसपास, जेपेग. तीन फोटो पुरे : दोन चित्रं आणि एक सर चित्राशेजारी उभे असलेला, कारण सिटी पानाला माणूस लागतो. फाइलचं नाव 'IMG_2043' असं ठेवू नका, चित्रकाराचं आडनाव आणि चित्राचं नाव ठेवा, आणि नोटेच्या खाली प्रत्येकाची ओळ द्या, चित्राचं नाव, माध्यम, आकार, वर्ष. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आपोआप लहान होतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून जोडा.

आणि मजकूर पीडीएफ किंवा लेटरहेडचा स्कॅन म्हणून पाठवू नका. कुणी टाइप करत बसत नाही. ईमेलच्या आतच युनिकोडमध्ये पेस्ट करा. तुमचा डीटीपीवाला जुन्या फॉन्टमध्ये देत असेल तर आधी युनिकोडला बदलून घ्या आणि मग रफार, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, बदलताना तीच बिघडतात, आणि चित्रकाराच्या नावात रफार असला तर हमखास.

कधी पाठवायची

२०२६ ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. त्या आठवड्यात आणि आधीच्या आठवड्यात कुणाला काही पाठवू नका, पानं जाहिरातींनी भरलेली असतात आणि माणसं सुट्टीवर. रविवार पुरवण्या आणि पुण्या-मुंबईच्या लोकांना सोमवारी १६ नोव्हेंबरला पाठवा, त्यांची पानं आधीच लागतात. त्यांच्यासाठी पत्रात एक जास्तीची ओळ, की हंगाम सुरू आहे आणि सर ओळखीच्या गुऱ्हाळावर घेऊन जाऊ शकतात. फीचर करणाऱ्याला चित्रापेक्षा ते ऐकून यावंसं वाटतं, पण सरांना आणि गुऱ्हाळवाल्याला विचारूनच हे लिहा.

इथल्या दैनिकांना बुधवारी २ डिसेंबरला दुपारच्या आत. पंधरा दिवस आधी पाठवलेली सिटी पानाची नोट हरवते, शुक्रवारी सकाळी पाठवलेली उशिरा होते. पाठवल्यावर एकच फोन, "मेल केलाय, फोटो उघडतायत का बघा" एवढाच. 'कधी छापणार' विचारू नका.

उद्घाटन झालं की दुसरी छोटी नोट, शंभर शब्दांची, फोटोसकट, त्याच संध्याकाळी ७.३० च्या आत. पाहुण्यांच्या भाषणाचा मजकूर आधी टाइप करून ठेवता येत नाही, पण बाकी सगळं ठेवता येतं, फक्त त्यांचं एक वाक्य भरायचं. ही शनिवारी ५ तारखेच्या अंकात यायलाच पाहिजे, कारण ६ डिसेंबर महापरिनिर्वाण दिन, रविवार आणि सोमवारची सिटी पानं अभिवादनाच्या कार्यक्रमांनी भरलेली असणार आणि तुमची शिळी बातमी तिथं बसणार नाही. दीपप्रज्वलनाचा रांगेतला फोटो सगळे पाठवतात, तुम्ही पाहुणे आणि सर एखाद्या चित्राकडं बोट दाखवून बोलतायत असा पाठवा.

सोमवारी ७ ला गॅलरी बंद असली तरी नोटेतला मोबाइल चालू ठेवा. रविवारी चित्रं बघून गेलेला बातमीदार बहुतेक सोमवारीच लिहायला बसतो आणि त्याला एखाद्या चित्राचं नाव नाहीतर आकार हवा असतो, तेव्हा २२ चित्रांची यादी फोन उचलणाऱ्याच्या हाताशी असू द्या.